गृहव्यवहार : भिंतीला रंग किती लागतो ?

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं धाकट्या नातवाची मुंज झाली. मुंज ठरली कीं दिवाणखान्याला रंग देणें ओघानेंच येतें, आणि रंग द्यावयाचा म्हटला कीं तो आणावयाचा किती, हा प्रश्न पुढें उभा राहतो. आमच्या रंगाऱ्यानें खोलीवर एक नजर टाकून सांगितलें, "काका, दहा लिटरची बादलीच आणा, पुरून उरेल." दुकानदार म्हणाला, सहा-सात लिटर न्या. आमचा पुतण्या अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्यानें टेप लावून मोजमाप घेतलें, कागदावर भागाकार केला आणि चार लिटर हा आंकडा काढला. अंदाजापेक्षां भागाकार बरा, अशा समजुतीनें आम्ही त्याच्या कागदावर विसंबलों, आणि ठरविलेल्या रंगाचा चार लिटरचा एक डबा यंत्रावर मिसळून घरीं आणला.

मुंजीला चार दिवस उरले असतां डबा संपला. दुसरा हात चालू होता. दोन भिंती पुऱ्या झाल्या होत्या, पूर्वेची भिंत निम्मी झाली होती, आणि एक लांब भिंत पहिल्या हातावरच थांबली होती. धांवपळ करून त्याच नंबराचा आणखी एक लिटर मिसळून आणला व काम पुढें रेटलें. सकाळीं रंग वाळल्यावर पाहतों तों पूर्वेच्या भिंतीवर मधोमध एक उभी रेघ ! डावीकडचा भाग किंचित् पिवळट, उजवीकडचा किंचित् करडा. आमच्या थोरल्या वहिनी पूजेचीं फुलें घेऊन आल्या, क्षणभर थबकल्या आणि म्हणाल्या, "ही भिंत अर्धी उन्हांत वाळत घातली होती का रे ?" पुतण्या बिचारा कांहींच बोलला नाहीं.

हिशेब चुकला तो कोठें, हें आम्हीं मागाहून त्याच्याबरोबर बसून शोधून काढलें. भागाकारांत कांहींच चूक नव्हती. चूक होती ती भागाकाराच्या आधीं. ती अशी होती कीं कोणाच्याहि घरीं सहज व्हावी, म्हणून येथें विस्तारानें सांगत आहों.

आमचा दिवाणखाना १८ फूट लांब, १२ फूट रुंद आणि १० फूट उंच आहे. चारी भिंतींची मिळून लांबी ६० फूट, तिला उंचीनें गुणलें म्हणजे ६०० चौरस फूट. त्यांत साडेतीन फूट बाय सात फुटांचीं दोन दारें आणि पांच फूट बाय चार फुटांच्या दोन खिडक्या. दारांचे ४९ आणि खिडक्यांचे ४० असे ८९ चौरस फूट वजा जातां ५११ उरले. डब्यावर लिहिलें होतें कीं एका लिटरांत दोन हातांसह १३० चौरस फूट भिंत होते. ५११ ला १३० नें भागलें कीं चाराला किंचित् कमी. झाला चार लिटरचा हिशेब !

आतां यांतलें पहिलें उणें पाहा. आमचें घर जुनें, भिंती जाड. खिडकीची चौकट भिंतीच्या बाहेरच्या अंगाला बसविलेली असल्यामुळें आंतल्या बाजूस चारी कडांना नऊ-नऊ इंच खोल पट्टी उघडी राहते, आणि तीहि रंगवावी लागते. एका खिडकीच्या चारी कडांची लांबी १८ फूट, पाऊण फूट खोलीनें गुणलें म्हणजे साडेतेरा चौरस फूट. दोन खिडक्यांचे २७. शिवाय देवघराजवळ तीन फूट रुंद, चार फूट उंच व एक फूट खोल असा कोनाडा आहे. त्याची पाठ भिंतीच्या मापांतच धरली जाते, पण दोन्ही बाजू, तळ आणि माथा मिळून १४ चौरस फूट वेगळे धरावे लागतात. म्हणजे वजा केलेल्या ८९ पैकीं ४१ चौरस फूट पुन्हा मिळवावयास हवे होते, आणि भिंत ५११ नसून ५५२ चौरस फूट होती. दारें-खिडक्या मुळींच वजा न करणाऱ्या रंगाऱ्याला आपण मनांतून लबाड म्हणतों. पण जाड भिंतींच्या जुन्या घरांत त्याच्या त्या संवयीला बराच आधार आहे, असें हें माप घेतल्यावर आम्हांस वाटूं लागलें. नव्या सदनिकांत भिंती पातळ आणि कोनाडे नाहींत, तेथें मात्र दारें-खिडक्या वजा करणेंच योग्य.

तथापि या ४१ चौरस फुटांनीं फार तर पाव लिटरहून थोडा अधिक रंग खाल्ला असता. खरा घात केला तो पश्चिमेच्या भिंतीनें. आदल्या पावसाळ्यांत तिला ओल आली होती. म्हणून जुना गिलावा काढून नवा केला, तो महिन्याहून अधिक दिवस वाळूं दिला, मग पुट्टी केली आणि प्रायमरचा एकच पातळ हात दिला. पहिल्या हाताच्या वेळीं रंगारी म्हणालाच होता, "काका, ही भिंत लई पितीये." आम्हीं तें त्याच्या नेहमींच्या तक्रारींपैकीं एक म्हणून सोडून दिलें. वस्तुतः तो नेमकी गोष्ट सांगत होता.

डब्यावरचा आंकडा हा नीट घासलेल्या, प्रायमर दिलेल्या, गुळगुळीत पृष्ठभागाचा असतो. जुनी, एकदां-दोनदां रंगविलेली भिंत साधारणपणें त्या आंकड्याजवळ जाते, कारण तिचीं छिद्रें अगोदरच्या रंगानें बुजलेलीं असतात. नवी पुट्टी किंवा नवा गिलावा हा टिपकागदासारखा असतो. रोलर लावतांच रंगांतलें पाणी आंत ओढलें जातें, रंग पसरण्यापूर्वींच घट्ट होतो, आणि रंगाऱ्याला पुन्हा पुन्हा रोलर बुडवावा लागतो. खरबरीत गिलाव्यावर तर याखेरीज प्रत्येक खड्डा भरावयाचा असतो आणि टेपनें मोजलेल्या क्षेत्राहून प्रत्यक्ष पृष्ठभाग पुष्कळ मोठा निघतो. म्हणून एका घरांतल्या सगळ्या भिंतींना एकच भाजक लावणें ही आमच्या हिशेबांतली मुख्य चूक होती.

मग आपल्या भिंतीचा भाजक कसा काढावा ? यासाठीं आम्हीं पुढें जी रीत वापरली ती अगदीं साधी आहे. सगळा रंग आणण्यापूर्वीं एक लिटरचा डबा आणावा. त्यावर पाणी किती घालावयाचें तें छापलेलें असतें. आमच्या डब्यावर लिटरला अर्धा लिटर असें होतें. २०० मिलिलिटर रंगांत १०० मिलिलिटर पाणी मिसळलें कीं ३०० मिलिलिटर मिश्रण होतें. घरांतलें औषधाचें किंवा स्वयंपाकाचें मापपात्र याला पुरतें, मात्र तें पुन्हा स्वयंपाकघरांत जाऊं देऊं नये. रोलर अगोदर वेगळ्या रंगांत भिजवून निथळून घ्यावा, नाहींतर कोरडा रोलरच निम्मा रंग पिऊन बसतो आणि दोष भिंतीला लागतो. मग तेवढें मिश्रण संपेपर्यंत एका कोपऱ्यापासून नीट भरीव हात द्यावा आणि जेवढा भाग झाला तो मोजावा. जुन्या भिंतीवर ४८ चौरस फूट झाला. २०० मिलिलिटर म्हणजे लिटरचा पांचवा भाग, तेव्हां एका हाताला लिटरमागें २४०. नव्या पुट्टीच्या भिंतीवर तेवढ्याच रंगांत जेमतेम ३० चौरस फूट झाला, म्हणजे लिटरमागें १५०. दुसऱ्या हाताला भिंत पुष्कळशी तृप्त झालेली असते, त्यामुळें तो दोन्हीकडे लिटरमागें अडीचशेंच्या पुढेंमागेंच पडतो. दोन्ही हात मिळून जुनी भिंत सुमारें १३० वर आली, डबा खोटें बोलत नव्हता. नवी भिंत मात्र नव्वदाच्या आसपास राहिली.

आतां तोच भागाकार पुन्हा करूं. पश्चिमेची भिंत १२० चौरस फूट, तिला ९० नें भागलें कीं सुमारें १.३ लिटर. उरलेल्या ४३२ चौरस फुटांना १३० नें भागलें कीं ३.३ लिटर. बेरीज ४.६ हून थोडी अधिक. रोलर, थाळी, बादलीचा तळ आणि फरशीवरचे थेंब यांत शेंकडा पांच टक्के तरी जातातच. ते मिळवले कीं ४.९ लिटर. आम्हीं आणले होते चार. रंगाऱ्याची दहा लिटरची बादली जितकी चुकीची, तितकाच आमचा चाराचा आंकडाहि चुकीचा. पांच लिटर आणले असते तर वहिनींना तें वाक्य बोलण्याची संधि मिळाली नसती.

या ठिकाणीं डब्यावरची ओळ वाचण्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण तेथें दुप्पट-निमपट फरक पडूं शकतो. कांहीं डब्यांवर 'दोन हातांसाठीं' म्हणून आंकडा दिलेला असतो, कांहींवर 'प्रत्येक हातासाठीं'. दुसऱ्या प्रकारचा आंकडा पहिल्यासारखा वाचला तर निम्माच रंग घरीं येतो. उलट वाचला तर दुप्पट. कांहींवर माप चौरस मीटरचें असतें, त्याला १०.७६ नें गुणलें म्हणजे चौरस फूट मिळतात. आणि सर्वांत महत्त्वाचें हें कीं, आंकडा असतो तो डब्यांतल्या घट्ट लिटरचा. पाणी घातल्यावर बादलींत दिसणाऱ्या दीड लिटरचा तो नव्हे. आमच्या शेजारच्या एका सद्गृहस्थांनीं पाण्यासकट मोजून दीडपट भिंतीची अपेक्षा केली आणि अखेरीस रंगाऱ्यावर चोरीचा आळ घेतला. रंगारी निर्दोष होता.

कोणी म्हणेल, पाणी थोडें अधिक घालून भागवावें. रंगारीहि कधीं कधीं असेंच करतात. परंतु भिंतीवर शेवटीं काय उरतें याचा विचार करावा. एक लिटर द्रव दहा चौरस मीटरवर सारखा पसरला तर त्याचा थर बरोबर एकदशांश मिलिमीटर होतो, यांत कोणाचेंहि कांहीं चालत नाहीं. आमचे १३० चौरस फूट म्हणजे सुमारें १२ चौरस मीटर, तेव्हां दोन्ही हातांचा मिळून घट्ट रंगाचा थर मिलिमीटरच्या बाराव्या हिश्श्याएवढा. त्यांतलें पाणी उडून गेल्यावर रंगाचा जो घन भाग राहतो तो तृतीयांशाच्या जवळपास. म्हणजे एवढ्या खटपटीनंतर भिंतीवर बसतो तो माणसाच्या केसाच्या जाडीच्या निम्म्याच्या आसपासचा पापुद्रा ! तोच लिटर ताणून २०० चौरस फुटांवर फिरवला तर हा पापुद्रा आणखी तृतीयांशानें पातळ होतो. असें झाल्याची खूण सोपी आहे. लावतांना रंग ओघळतो, वाळल्यावर तिरप्या उजेडांत खालचा रंग डोकावतो, आणि कांहीं दिवसांनीं भिंतीवरून तळहात फिरवला तर बोटांना पूड लागते. मग तिसरा हात द्यावा लागतो आणि वांचविलेला रंग व्याजासह परत जातो.

हातांची संख्याहि अशीच अगोदर ठरवावी लागते. पांढऱ्यावर पांढरा किंवा फिक्यावर तशाच जातीचा फिका रंग असेल तर दोन हात पुरतात. गडद निळ्या भिंतीवर मोतिया रंग द्यावयाचा असेल तर दोन हातांनीं निळी झांक जात नाहीं. त्याहून फसवे म्हणजे भडक पिवळे आणि लाल रंग. त्यांच्या डब्यांत पांढरें रंगद्रव्य फारच थोडें असतें आणि पिवळीं-लाल द्रव्यें स्वभावतःच पारदर्शक, त्यामुळें गडद दिसणारा हा रंग झांकण्याच्या कामीं दुबळा ठरतो आणि तीन-तीन हात मागतो. आमच्या ५५२ चौरस फुटांना तिसरा हात म्हणजे आणखी दोन लिटरहून अधिक रंग. अशा वेळीं आधीं प्रायमरचा एक भरीव हात देऊन जुना रंग दाबून टाकणें पुष्कळ स्वस्त पडतें.

छताचा हिशेब वेगळा ठेवावा, कारण त्याचा रंगहि बहुधा वेगळाच असतो. आमचें छत १८ गुणिले १२ म्हणजे २१६ चौरस फूट. पण त्याखालीं आडव्या दोन तुळया एकेक फूट उतरलेल्या आहेत. तुळईचा तळ छताच्या मापांतच येतो, बाजू येत नाहींत. प्रत्येकीच्या दोन बाजूंचे २४ याप्रमाणें ४८ चौरस फूट मिळवून २६४ झाले. छताच्या पांढऱ्या रंगाचा आंकडा दोन हातांना ११० होता, म्हणून २.४ लिटर, डोक्यावर काम करतांना शिंतोडे अधिक उडतात, म्हणून २.६ धरले. वर उतरतें छप्पर असून त्याला आंतून फळ्या किंवा पत्रे असतील, तर जमिनीची लांबी-रुंदी न धरतां उताराच्या बाजूनें टेप लावावा.

मात्र तयार पांढऱ्या रंगाविषयीं आम्ही निर्धास्त असतों. तो कारखान्यांतून तसाच येतो, आणि अर्धा लिटर कमी पडला तर संध्याकाळीं आणतां येतो; म्हणून तो बेतानेंच घ्यावा. मिसळलेल्या रंगाचें तसें नाहीं. दुकानांतलें यंत्र मूळ पांढऱ्या रंगांत रंगद्रव्याच्या थेंबथेंब मात्रा सोडतें. चार लिटरच्या डब्यांत एखाद्या थेंबाची चूक मुरून जाते, एक लिटरच्या डब्यांत तीच चूक चौपट दिसते. शिवाय मूळ रंगाची खेप बदललेली असूं शकते. नंबर तोच असला तरी छटा तीच येईल याचा भरंवसा नाहीं. यासाठीं असा रंग थोडा अधिकच, एकाच दिवशीं घ्यावा, आणि पांच लिटर जर चार व एक अशा दोन डब्यांत आले, तर काम सुरू करण्यापूर्वीं दोन्ही मोठ्या बादलींत ओतून काठीनें एकजीव करावे.

आमच्या पूर्वेच्या भिंतीवर उपाय निघाला तो रंगाऱ्याच्याच अनुभवांतून. त्यानें आणखी एक लिटर मागविला आणि ती सबंध भिंत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत त्याच एका डब्यांतून नव्यानें केली. तिची छटा शेजारच्या भिंतींहून आजहि किंचित् निराळी आहे. पण कोपऱ्यावर उजेडच बदलतो, दोन भिंती एकाच रंगाच्या असूनहि तेथें वेगळ्या दिसतात, त्यामुळें सांधा लपून जातो. मुंजीला आलेल्या शे-सव्वाशें माणसांपैकीं एकालाहि तो दिसला नाहीं. रंग संपणारच असें दिसतांच काम भिंतीच्या मध्यावर न थांबवितां अगोदरच्या कोपऱ्यावर थांबविलें असतें, तर ही शेवटची खरेदीहि टळली असती.

त्या शेवटच्या डब्यांत अर्ध्या लिटरहून थोडा अधिक रंग उरला. झांकण ठोकून घट्ट बसविलें आहे आणि त्यावर वहिनींनीं आपल्या हातानें खोली, भिंत, रंगाचा नंबर आणि तारीख लिहून ठेवली आहे. गेल्या पंधरवड्यांत बटूनें पूर्वेच्या भिंतीवर कोळशानें मोर काढला, तेव्हां तो डबा माळ्यावरून खालीं आला.